तक्त्याच्या रेघा अक्षरांत शिरतात तेव्हा

जुन्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, शाळांची पटपत्रके, ग्रामपंचायतीची दप्तरे असे बरेच कागद आता स्कॅन होऊन संगणकावर आले आहेत. त्यांतला मजकूर ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीने, काढला की आकड्यांच्या मागेपुढे उभ्या दांड्या आणि खाली आडव्या रेघा दिसू लागतात:

```
| वडगाव_ 1418 | 402_ 1820 |
```

हा कचरा म्हणजे छापील तक्त्याच्या चौकटी. ओसीआरला रेघ आणि अक्षर यांतला फरक आपसूक कळत नाही. उभी रेघ त्याला `|` वाटते आणि सेलची खालची कड `_` वाटते. ही चिन्हे सरसकट पुसून टाकावीत, हा पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो. पण वरच्या ओळीतला खरा धोका पुसण्याजोग्या चिन्हांत नाही, तो 1418 मध्ये आहे.

मूळ कागदावर त्या जागी 418 पुरुष होते. डावीकडची रेघ आकड्याला इतकी चिकटली होती की ओसीआरने तिला `|` न म्हणता 1 म्हटले. एकूण लोकसंख्येच्या रकान्यातही तेच घडले आणि 820 चे 1820 झाले. गंमत म्हणजे 1418 आणि 402 यांची बेरीज 1820 च येते, त्यामुळे आडवी बेरीज तपासणाऱ्याला ही ओळ बिनचूक वाटते. चूक सापडते ती उभ्या बेरजेत. पुरुषांच्या रकान्याची बेरीज पानाच्या तळाशी छापलेल्या बेरजेपेक्षा नेमकी १००० ने जास्त येते. असा १०, १०० किंवा १००० चा गोल फरक दिसला की रेघेचा एक झाला, असा संशय घ्यावा आणि मूळ चित्र उघडून पाहावे. म्हणून बेरजा दोन्ही दिशांनी तपासायला हव्यात.

मराठी शब्दांत हीच रेघ वेगळे रूप घेते. शब्द उजव्या कडेला टेकला की त्याची शिरोरेघ चौकटीला मिळते आणि रेघ काना होऊन बसते. ‘वडगाव’चे ‘वडगावा’ होते. ही चूक कुठल्याही चिन्हांच्या यादीने काढता येत नाही. गावांच्या अधिकृत नावांशी ताडूनच ती पकडावी लागते.

त्यामुळे खरे काम मजकूर काढण्याआधी, चित्रावरच करावे. ओपनसीव्हीसारख्या साधनात ठरावीक लांबीपेक्षा लांब सरळ रेघा शोधून पुसता येतात. इंग्रजीसाठी ही लांबी बेताची ठेवली तरी चालते, पण देवनागरीत आडवी रेघ म्हणजे शिरोरेघही असते. समजा, ३०० डीपीआयच्या स्कॅनवर सर्वांत लांब शब्द २५० पिक्सेलचा आहे. मग शोधायची लांबी ४०० च्या आसपास ठेवावी. ती २०० ठेवली तर चौकटीसोबत लांब शब्दांच्या शिरोरेघाही पुसल्या जातात. उभ्या रेघेसाठी लांबी अक्षराच्या उंचीपेक्षा बरीच जास्त हवी, नाहीतर काने जातील. पान आधी सरळ करून घ्यावे, हेही महत्त्वाचे. एक अंशाचा तिरपेपणा असला तरी ४०० पिक्सेलच्या अंतरात रेघ सात पिक्सेल सरकते आणि सरळ रेघ शोधणाऱ्या साधनाला ती सापडतच नाही. त्यानंतर प्रत्येक सेल चारी बाजूंनी चार-पाच पिक्सेल आत कापून घ्यावा आणि मगच ओसीआरला द्यावा.

एवढे करूनही थोडी चिन्हे राहतातच. ती काढताना फक्त सेलच्या दोन टोकांना हात लावावा:

```
s = re.sub(r'^[\s|¦_]+|[\s|¦_]+$', '', s)
```

मधल्या दांडीला या ओळीने हात लागत नाही, आणि ते योग्यच आहे. `612 | 588` असे एकाच सेलमध्ये आले, तर ती दांडी दोन रकान्यांमधली सीमा सांगते. ती पुसली तर दोन आकडे एकत्र होऊन बसतील. तिथे सेल तोडायला हवा. मराठी भाषा निवडून ओसीआर चालवले की कधी `|` च्या जागी दंड, म्हणजे `।`, येतो. दिसायला सारखा असला तरी संगणकासाठी ते वेगळे चिन्ह आहे. आकड्यांच्या रकान्यातून तो खुशाल काढावा, पण अभंगांच्या किंवा ओव्यांच्या सूचीत तो मजकुराचाच भाग असतो. तसेच खालची कड कधी `_` ऐवजी `-` म्हणून वाचली जाते आणि जुन्या तक्त्यांत `-` चा अर्थ ‘नोंद निरंक’ असा असतो. रिकाम्या सेलमध्ये एकटाच `-` दिसला तर तो नियमाने पुसू नये, चित्र पाहून ठरवावे.

असे काम हाती घेणाऱ्यांना एकच विनंती. साफ केलेला आकडा वेगळ्या रकान्यात लिहा, ओसीआरने दिलेला मूळ मजकूर शेजारी तसाच ठेवा आणि पान क्रमांकही नोंदवा. पुढे कुणाला 820 की 1820 अशी शंका आली, तर त्याला थेट त्या पानापर्यंत जाता यायला हवे.