ऑफसाइड म्हणजे काय? गोलकीपर पुढे आला की 'शेवटून दुसरा' कोण?

20 नोव्हेंबर 2022. कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपचा पहिलाच सामना, यजमान कतार विरुद्ध इक्वेडोर. तिसऱ्याच मिनिटाला इक्वेडोरचा कॅप्टन एन्नर व्हॅलेन्सियाने हेडरवर गोल केला. जल्लोष सुरू झाला, पण व्हिडिओ तपासणीनंतर रेफरींनी गोल रद्द केला. कारण होतं ऑफसाइड.

टीव्हीवर पाहणारे अनेक जण गोंधळले. कारण गोललाइन आणि इक्वेडोरच्या खेळाडूंच्या मध्ये कतारचा एक डिफेंडर स्पष्ट दिसत होता. मग ऑफसाइड कसं?

नियम काय सांगतो?

ऑफसाइड हा फुटबॉलच्या नियमावलीतला 11वा नियम आहे. सहकाऱ्याने चेंडू खेळला किंवा चेंडूला त्याचा स्पर्श झाला, त्या क्षणी आक्रमक खेळाडू कुठे होता, हे पाहिलं जातं. पास त्याच्यापर्यंत पोहोचला तेव्हा तो कुठे होता, याला महत्त्व नाही.

त्या क्षणी तो प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असेल आणि चेंडू व प्रतिस्पर्धी संघाचा शेवटून दुसरा खेळाडू या दोघांपेक्षाही गोललाइनच्या जवळ असेल, तर तो ऑफसाइड जागेवर आहे असं मानलं जातं.

नुसतं त्या जागेवर उभं राहणं हा गुन्हा नाही. त्याने तिथून खेळात भाग घेतला, म्हणजे चेंडू खेळला किंवा प्रतिस्पर्ध्याला अडथळा केला, तरच शिट्टी वाजते आणि समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक मिळते. चेंडू थेट गोल किक, कॉर्नर किंवा थ्रो-इनमधून मिळाला असेल तर ऑफसाइड लागत नाही.

'शेवटून दुसरा' म्हणजे कोण?

बोलताना सगळे 'शेवटचा डिफेंडर' म्हणतात आणि गोंधळ तिथेच होतो. नियमात डिफेंडर हा शब्दच नाही, 'प्रतिस्पर्धी' असा शब्द आहे. त्यात गोलकीपरही मोजला जातो.

एरवी गोलकीपर सगळ्यात मागे असतो. त्यामुळे शेवटून पहिला तो आणि दुसरा म्हणजे सगळ्यात मागचा डिफेंडर. पण कतारच्या सामन्यात फ्री किकवरचा चेंडू अडवायला गोलकीपर पुढे धावत आला होता. त्यामुळे मागे दिसणारा तो एकटा डिफेंडर 'शेवटून पहिला' ठरला आणि ऑफसाइडची रेषा त्याच्या पुढच्या खेळाडूवर गेली.

इक्वेडोरच्या फेलिक्स तोरेसचा चेंडूला स्पर्श झाला, तेव्हा त्याचा सहकारी मायकेल एस्त्रादाचा पाय त्या रेषेच्या पुढे होता. मग चेंडू एस्त्रादाने खेळला, तो पुन्हा तोरेसकडे आणि तिथून व्हॅलेन्सियाकडे गेला. म्हणजे गोल करणारा व्हॅलेन्सिया नव्हे, आधी चेंडू खेळलेला एस्त्रादा ऑफसाइड होता.

दोघे एकाच रेषेत असतील तर?

आक्रमक खेळाडू शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीत असेल, तर तो ऑनसाइड. 1990पर्यंत असं नव्हतं. तेव्हा बरोबरीत असलेला खेळाडूही ऑफसाइड धरला जायचा.

पण 'बरोबरीत' म्हणजे खांद्याला खांदा लावून उभं राहणं नव्हे. गोललाइनला समांतर अशी एक रेषा डोळ्यांसमोर आणा. ती शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या शरीराचा जो भाग गोललाइनच्या सगळ्यात जवळ आहे, तिथून जाते. तो त्याचा बूट असेल, गुडघा किंवा खांदाही असेल. आता आक्रमकाचा सगळ्यात पुढचा भाग त्या रेषेवर किंवा मागे असेल तर तो ऑनसाइड. फक्त बुटाचं टोक रेषेच्या पुढे गेलं, तरी तो ऑफसाइड.

यात डोकं, धड आणि पाय मोजले जातात. हात मोजत नाहीत, ना आक्रमकाचे, ना बचाव करणाऱ्यांचे, ना गोलकीपरचे. हात कुठून सुरू होतो, हेही ठरलेलं आहे: काखेच्या खालच्या टोकाच्या पातळीपासून. त्याच्या वरचा खांदा मात्र मोजला जातो, कारण खांद्याने गोल करता येतो.

इतकं बारीक कसं मोजतात?

त्या वर्ल्ड कपमध्ये स्टेडियमच्या छताखाली 12 कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपत होते. चेंडूतला सेन्सर सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवत होता, त्यामुळे चेंडूला पायाचा किंवा डोक्याचा स्पर्श कधी झाला ते कळायचं.

मात्र यंत्रणा फक्त जागा सांगते. त्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला अडथळा केला की नाही, हे अजूनही रेफरीच ठरवतात. म्हणूनच गोलकीपरसमोर उभ्या असलेल्या पण चेंडूला न शिवणाऱ्या खेळाडूवरून वाद होतात.

पुढच्या वेळी गोल रद्द झाला की आधी गोलकीपर कुठे होता ते पाहा. तो पुढे आला असेल, तर मागे एक डिफेंडर दिसणं पुरेसं नाही.