नाइट, विंड आणि बॅट

‘कोलकाता नाइट रायडर्स’ हे नाव नुसतं ऐकलं तर रात्रीच्या अंधारात घोडे दौडवणारी टोळी डोळ्यांपुढे येते. आयपीएलचे सामने रात्री होत असल्यामुळे हा अर्थ पटतोही. पण संघाच्या जर्सीवर हे नाव वाचलं की सुरुवातीला एक के दिसतो. या नाइटचं स्पेलिंग के-एन-आय-जी-एच-टी, आणि अर्थ चिलखत घातलेला घोडेस्वार सरदार. रात्रीच्या नाइटला तो के नाही. ती सरळ एन-आय-जी-एच-टी. उच्चारात मात्र दोघांत तसूभरही फरक नाही.

अशा जोडीला इंग्रजी व्याकरणात होमोफोन म्हणतात. ग्रीक भाषेत होमोस म्हणजे सारखा आणि फोने म्हणजे आवाज. आवाज सारखा, अर्थ निराळे. स्पेलिंग बहुधा निराळं असतं आणि शाळेत गुण जातात ते तिथेच. संगणकावरचा स्पेलिंग तपासणारा साधा प्रोग्रामही इथे फारसा कामाचा नाही. तुम्ही ‘गुड नाइट’मध्ये चुकून के घातला, तरी तो शब्द शब्दकोशात आहेच, मग त्याखाली लाल रेघ कशाला उमटेल?

प्रश्न असा पडतो की जो के कुणी उच्चारतच नाही तो लिहायचा कशासाठी? कारण एके काळी तो उच्चारला जात असे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा उच्चार साधारण ‘क्निख्त’ असा होता आणि रात्रीचा ‘निख्त’. के स्पष्ट ऐकू येई आणि पुढे जिथे आज जी-एच लिहितात तिथे घशातून घासत येणारा, आपल्या ख च्या जवळ जाणारा आवाज होता. कान देणाऱ्याची त्यात फसगत होण्याचं काही कारण नव्हतं. त्या काळी ‘क्निख्त’चा अर्थही सरदार नव्हता, पोरगा, चाकर एवढाच होता. चाकराचा शस्त्रधारी सेवक झाला, सेवकाचा स्वार, स्वाराचा सरदार आणि शेवटी राजाने द्यायचा किताब. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या नावाआधीचा ‘सर’ हा त्याच नाइटहूडचा. जर्मन भाषेत याच शब्दाचा भाऊ, क्नेख्त, अजून चाकराच्याच अर्थाने वापरतात आणि त्याचा क अजून उच्चारतात. एकाच घरातला एक भाऊ सरदार झाला, दुसरा गडीच राहिला.

इंग्रजांच्या तोंडात पुढे काय झालं? आधी तो घशातला आवाज विरत गेला. मग स्वर ओढला गेला आणि हळूहळू ‘ई’चा ‘आय’ झाला. शेवटी, सतराव्या शतकाच्या सुमारास, न च्या आधीचा क लोकांनी सोडून दिला. गुडघ्याचा नी, चाकूचा नाइफ, गाठीचा नॉट, या सगळ्यांतले के तेव्हाच मुके झाले. पण विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरमध्ये छापखाना घातला तो 1476 साली. छापील पुस्तकांबरोबर स्पेलिंग घट्ट बसत गेलं आणि उच्चार बदलत राहिले. होमोफोन बहुतेक असे जन्मतात. दोन शब्द उच्चारात एकमेकांकडे सरकत येऊन एक होतात आणि कागदावर आपापल्या जुन्या जागी उभे राहतात.

आवाज सारखा म्हणताना तो कुणाच्या तोंडचा हे मात्र विचारायला हवं. इंग्रजी व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू होतो. मराठीत दोन्ही कामं एकटा व करतो. त्यामुळे व्हीने सुरू होणारा वेस्ट म्हणजे बनियन आणि डब्ल्यूने सुरू होणारा वेस्ट म्हणजे पश्चिम, हे आपल्यापैकी अनेकांच्या बोलण्यात एकच होतात. लंडनच्या माणसाला ते दोन वेगळे शब्द ऐकू येतात. शब्दकोशात ही जोडी होमोफोन नाही, आपल्या तोंडात आहे. उलट प्रकारही सापडतो. गिरणीच्या पाटीवर आपण ‘फ्लोअर मिल’ लिहितो. फ्लोअर म्हणजे जमीन. पिठाच्या त्या इंग्रजी शब्दाचा उच्चार फुलाच्या फ्लॉवरसारखाच आहे. मुळात तो फुलाचाच शब्द. दळलेल्या धान्यातला सगळ्यात नाजूक, निवडक भाग म्हणजे त्याचं फूल, अशी कल्पना होती. इथे एकाच शब्दाची स्पेलिंगं दोन झाली.

आता उलट्या बाजूने पाहू. डब्ल्यू-आय-एन-डी ही चार अक्षरं ‘विंड’ अशी वाचली तर वारा, ‘वाइंड’ अशी वाचली तर गुंडाळणे, किल्ली देणे. घड्याळाला चावी देतात ती वाइंड करून. लिहिताना एकच, वाचताना दोन. याला होमोग्राफ म्हणतात. ग्राफ म्हणजे लेखन. इथे कानाला काही अडचण नाही, गोंधळतो तो डोळा. मोठ्याने वाचणाऱ्याला शब्द उच्चारण्याआधीच वाक्याचा अंदाज घ्यावा लागतो. आधी ‘द’ आला असेल तर बहुधा वारा, ‘टू’ आला असेल तर बहुधा गुंडाळणे.

यामागची कथा मला नाइटपेक्षाही गमतीची वाटते. हे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतले, आणि त्या काळी दोघांतला इ ऱ्हस्वच होता. पुढे एन-डी या जोडीआधीचा इ लांबत गेला आणि त्याचाही ‘आय’ झाला. फाइंड, काइंड, माइंड, बिहाइंड हे सगळे असे घडले. गुंडाळण्याचा वाइंड त्याच वाटेने आला. आणि वाराही आला होता! वाऱ्यालाही ‘वाइंड’ म्हणत. शेक्सपिअरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’ या नाटकातल्या एका गाण्यात वाऱ्याचं यमक ‘अनकाइंड’शी जुळवलं आहे. आज ते वाचताना यमक फसल्यासारखं वाटतं, पण तेव्हा ते चोख होतं. मग अठराव्या शतकात बोलण्यात ऱ्हस्व ‘विंड’ रूढ झाला. ‘विंडी’, म्हणजे वाऱ्याचा, या रूपात इ आधीपासून ऱ्हस्वच होता. त्याच्या संगतीने मूळ शब्दही बदलला असावा. कवींनी मात्र जुनं यमक सोडलं नाही. शेलीने 1819 साली पश्चिम वाऱ्यावर प्रसिद्ध कविता लिहिली, तिच्या अगदी शेवटीही वारा ‘बिहाइंड’शी जुळवलेला आहे. महाविद्यालयात ही कविता शिकलेल्यांनी ते यमक पुन्हा एकदा कानाने तपासून पाहावं.

म्हणजे नाइटच्या जोडीत लेखन जागचं हललं नाही आणि उच्चार एकत्र आले; विंडच्या जोडीतही लेखन हललं नाही, पण उच्चार फुटून दोन झाले. वाइंडचा भूतकाळ तर आणखी एक पेच टाकतो. तो लिहिला जातो डब्ल्यू-ओ-यू-एन-डी, उच्चार ‘वाउंड’. हीच अक्षरं ‘वूंड’ वाचली की जखम. जखमेला पट्टी गुंडाळली असं इंग्रजीत लिहायचं झालं तर एकाच वाक्यात दोन्ही येऊ शकतात.

हा प्रकार मराठी माणसाला परका नाही. ‘जग’ ही दोन अक्षरं घ्या. ‘सारं जग’ म्हणताना ज ‘जीवन’मधला, ‘शंभर वर्षं जग’ म्हणताना ‘जाड’मधला. देवनागरीत दोघांना अक्षर एकच. आपल्याला जे नकळत जमतं ते मराठी शिकणाऱ्या अमराठी माणसाला किती छळतं, हे त्यालाच विचारावं.

तिसरा प्रकार होमोनिम. ‘निम’मागचा ग्रीक शब्द नावाचा आहे. इथे लिहिणंही सारखं, बोलणंही सारखं आणि अर्थांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बी-ए-टी, बॅट. एक खेळाडूच्या हातातली, दुसरी झाडाला उलटी लटकणारी, म्हणजे वटवाघूळ. खेळातली बॅट म्हणजे मुळात सोटा, दांडकं. तो अर्थ जुन्या इंग्रजीपासूनचा. वटवाघळाला मात्र पूर्वी बॅट म्हणतच नसत. मधल्या काळात त्याचं नाव ‘बक्के’ असं काहीसं होतं आणि ते स्कँडिनेव्हियाकडून आलेलं. सोळाव्या शतकात त्या क चा ट झाला आणि वटवाघूळ येऊन सोट्याच्या शेजारी बसलं. दोन अनोळखी शब्दांची ही निव्वळ योगायोगाने पडलेली गाठ.

योगायोग ही इथली खरी कसोटी आहे, आणि बरीच मार्गदर्शक पुस्तकं ती गाळतात. संगणकाचा माउस आणि उंदीर ही जोडी होमोनिम म्हणून देणारे भेटतात. पण संगणकाच्या त्या यंत्राला शेपटासारखी वायर होती, आकार चिमुकला होता, म्हणून कुणीतरी त्याला उंदराचं नाव दिलं. तो एकाच शब्दाचा वाढलेला अर्थ झाला, दोन शब्द नव्हेत. नदीचं मुख आणि माणसाचं मुख यांचं जे नातं, तेच. ओळखायची सोपी खूण शब्दकोशात सापडते. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात बॅट ही नोंद वेगवेगळ्या ठिकाणी असते आणि डोक्यावर बारीक 1, 2 असे आकडे असतात. माउस मात्र एकाच नोंदीत असतो. आत अर्थ पहिला, अर्थ दुसरा असे क्रम लावलेले असतात. स्वतंत्र नोंद असेल तर होमोनिम, एकाच नोंदीखाली दोन अर्थ असतील तर अनेकार्थी शब्द. शब्दकोशकारांचंही क्वचित एकमेकांशी पटत नाही, कारण दोन शब्दांचं मूळ एक की दोन हे दर वेळी सिद्ध करता येत नाही.

एक घोळ या संज्ञांच्या वापरातही आहे. काही पुस्तकांत होमोनिम हे तिघांचं मिळून आडनाव असतं. होमोफोन आणि होमोग्राफ ही त्याच घरातली मुलं. काहींत होमोनिम म्हणजे फक्त बॅटसारखी, दोन्ही बाजूंनी जुळणारी जोडी. दोन्ही वापर प्रचलित आहेत. त्यामुळे मुलाच्या उत्तरपत्रिकेत नाइटच्या जोडीपुढे ‘होमोनिम’ दिसलं, तर लाल पेन उचलण्याआधी त्याच्या पाठ्यपुस्तकातली व्याख्या उघडून पाहावी. परीक्षेत दोन्ही पर्याय समोर असतील, तर नाइटला होमोफोन, विंडला होमोग्राफ आणि बॅटला होमोनिम असं लिहिणं सगळ्यात सुरक्षित. या नेमक्या नावाला कुठल्याच व्याख्येने हरकत घेता येत नाही.