एफ/२२चा मोह

पावसाळा सरता सरता सह्याद्रीत सोनकी फुलते. पुढे पिवळी फुले, मागे किल्ल्याचा बुरूज आणि दोन्ही स्पष्ट हवेत म्हणून पुष्कळ जण कॅमेऱ्याचे अ‍ॅपर्चर थेट एफ/२२वर नेतात. छिद्र लहान केले की जवळचे आणि दूरचे दोन्ही फोकसमध्ये येते, हे खरेच आहे. तरीही फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून पाहिला की फुलांच्या कडा आणि बुरुजाचे चिरे सारखेच मऊ दिसतात.

याचे कारण प्रकाशाच्या लहरीपणात आहे. अरुंद छिद्रातून जाताना प्रकाशलहरी पसरतात आणि छिद्र जितके लहान, तितका हा पसारा मोठा. यालाच विवर्तन म्हणतात. त्यामुळे उत्तमातली उत्तम लेन्सही प्रकाशाचा बिंदू बिंदूसारखा टिपू शकत नाही. त्याची एक चकती उमटते. जॉर्ज एअरी या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने १८३५मध्ये तिचे गणित मांडले. हिरव्या प्रकाशात एफ/८ला ही चकती साधारण ११ मायक्रॉन रुंद असते, एफ/२२ला जवळपास ३०. चोवीस मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवरचा एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एफ/२२ला एकेक बिंदू आडवा मोजला तर सात-आठ पिक्सेल व्यापतो.

मग छिद्र पूर्ण उघडावे का? तसेही नाही. उघड्या छिद्रात लेन्सच्या कडेचा भागही कामाला लागतो आणि तिथून येणारे किरण नेमके एका जागी मिळत नाहीत. विशेषतः फोटोचे कोपरे ढिले पडतात. छिद्र दोन-तीन स्टॉप लहान केले की हा दोष बराच आवरतो आणि विवर्तन अजून जाणवू लागलेले नसते. अशा कॅमेऱ्यांवर ही जागा बहुधा एफ/५.६ ते एफ/८ या दरम्यान सापडते.

आता सोनकीकडे वळू. १८ मिलिमीटरवर, एफ/८ ठेवून दोन मीटरवर फोकस केला, तर सुमारे एक मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सारे नेहमीच्या आकाराच्या प्रिंटमध्ये पुरेसे स्पष्ट येते. एफ/२२ची गरजच उरत नाही. शिवाय एफ/८ला १/१२५ सेकंद पुरत असेल, तर एफ/२२ला १/१५ लागतो. तेवढ्यात वाऱ्यावर फूलही हलते. फुले अगदी अर्ध्या मीटरवर असतील, तर एफ/८वरच दोन वेगळ्या फोकसचे फोटो घेऊन जोडणे मला अधिक पटते.

आपल्या लेन्सची खरी जागा घरीच शोधता येते. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, आयएसओ १०० ठेवा, छापील मजकुराचे एक पान भिंतीवर चिकटवून त्यावर एकदाच फोकस करा आणि टायमरने एफ/४पासून एफ/२२पर्यंत एकेक फोटो घ्या. मध्य आणि कोपरे वेगवेगळे तपासा. अक्षरे एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसली, तर कॅमेरा हलला आहे. विवर्तनाचा मऊपणा मात्र मध्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळीकडे सारखा पसरलेला असतो.