‘इतर खर्च’ म्हणजे नक्की काय?

सोसायटीचा पाण्याचा पंप जळतो तेव्हा सगळ्यांनाच घाई असते. मिस्त्री येतो, पंप उचलून नेतो, तीन दिवसांत बसवूनही देतो. आठवड्याने बिल येतं: ‘पंप दुरुस्ती व साहित्य – ९,६५० रुपये. इतर खर्च – १,८०० रुपये.’ वर १८ टक्के जीएसटी. आणि इथून फोन सुरू होतात. कुठला पंप? साहित्य म्हणजे काय काय? इतर खर्च कसला? खजिनदार विचारतात, मिस्त्री डायरी चाळून उत्तर देतो, ते उत्तर समितीच्या बैठकीपर्यंत पोहोचेतो अर्धं विसरलं जातं आणि तोच प्रश्न पुन्हा येतो. चेक मात्र सहीशिवाय पडून राहतो.

यात लबाडी कुणाचीच नसते. घोळ होतो तो बिल वाचणाऱ्याच्या ओळखीचा. पंप जळला हे वॉचमनने पाहिलं, दुरुस्तीला होकार सचिवांनी फोनवर दिला, बिलावर सही करायची खजिनदारांनी, आणि वर्षाअखेरीस व्हाउचर उघडणार ऑडिटर. यांतले शेवटचे दोघे पंपाजवळ फिरकलेले नसतात. मिस्त्री मात्र बिल लिहितो ते जणू सचिवांसाठी, ज्यांना सगळं आधीच ठाऊक आहे.

बिल लिहिणाराही बहुधा वेगळाच असतो. काम कारागिराने केलेलं, बिल दुकानातला मुलगा चार दिवसांनी डायरीवरून संगणकात भरतो. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीत ‘दुरुस्ती’, ‘मजुरी’, ‘साहित्य’ अशी नावं आधीच भरून ठेवलेली असतात. यादीतून एक निवडलं की काम झालं. त्या नावाखाली जादा वर्णन लिहिण्याची सोय असते, पण ती जागा रिकामीच राहते. आणि डायरीत नुसतं ‘५ एचपी, बी विंग, झालं’ एवढंच असेल, तर त्या मुलाने तरी काय लिहावं?

म्हणून दुरुस्ती बिलापासून नाही, जॉब कार्डापासून सुरू होते. पंप उघडला त्याच दिवशी कारागिराने चार गोष्टी लिहून ठेवायच्या: कुठला पंप, काय बिघडलं होतं, काय बदललं, कुणी होकार दिला. बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, तो उतरवायला अर्धा मिनिट लागतो. तेच बिल मग असं उभं राहतं:

बी विंग तळघर, ५ एचपी थ्री-फेज मोनोब्लॉक पंप, वाइंडिंग जळाल्याने संपूर्ण रिवाइंडिंग, तांब्याची तार – ५,२०० रुपये
त्याच पंपाची बेअरिंग बदलली, २ नग, प्रत्येकी ४५० – ९०० रुपये
मेकॅनिकल सील बदललं (गळती होती), १ नग – ७५० रुपये
पंप काढणे, बसवणे व चालवून पाहणे, २ माणसं – १,८०० रुपये
टेम्पोने ने-आण – १,००० रुपये
दुरुस्तीच्या काळात पर्यायी पंप, १२ ते १४ मार्च, ३ दिवस, दररोज ६०० (सचिवांनी ११ मार्चला फोनवर मान्य केले) – १,८०० रुपये

बेरीज तीच, ११,४५० रुपये. जीएसटी २,०६१ धरून १३,५११. एक रुपयाही कमी-जास्त झालेला नाही. पण ‘इतर खर्च’ नावाचं भूत आता भाड्याचा पंप होऊन समोर आलं आहे. तीन दिवस नळाला पाणी येत होतं ते याच्यामुळे, हे कुठल्याही सभासदाला कळतं.

नव्या ओळींत ‘गळती होती’ आणि ‘वाइंडिंग जळाल्याने’ हे तुकडे लहान दिसतात, पण कामाचे आहेत. ग्राहकाच्या शंका नीट पाहिल्या तर त्या तीन तऱ्हांच्या असतात: हे काय आहे, हे का लागलं, आणि हे ठरलं होतं का. पहिलीला नुसतं नेमकं नाव आणि ठिकाण पुरतं. दुसरीला कारण लागतं. जळालेल्या मोटरीबरोबर सील कशाला बदललं, हा प्रश्न अगदी रास्त आहे. तिसरीला तारीख आणि होकार देणारा लागतो. होकार घेतलाच नसेल तर कितीही सुंदर वाक्य लिहिलं तरी शंका सुटणार नाही, कारण ती शंका बिलाबद्दलची नसतेच.

जीएसटीच्या नियम ४६ मध्येही बिलावर मालाचं किंवा सेवेचं वर्णन असावं असं सांगितलं आहे, आणि कोडची अट त्याखेरीज वेगळी आहे. पुष्कळ जण ९९८७ हा कोड टाकला की वर्णन झालं असं समजतात. पण देखभाल, दुरुस्ती आणि उभारणीच्या सेवा या एकाच शीर्षकात येतात. पंपही तिथेच, लिफ्टही तिथेच. कर खात्याचं काम त्याने भागेल, खजिनदारांचं नाही.

उशिराची किंमत मिस्त्रीला मोजावी लागते. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात पैसे देण्याची मुदत लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे जात नाही. मात्र काम झाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने ते काम स्वीकारण्याबाबत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईल त्या दिवसापासून मुदत मोजली जाते. बिलावरची साधी विचारणा म्हणजे अशी हरकत नव्हे. पण ‘बेअरिंग खरंच बदललं का’ ही शंका पत्रात उतरली की दोन्हींतलं अंतर फारसं उरत नाही.

उलट टोकही गाठलं जातं. एखादा शहाणा कंत्राटदार मग प्रत्येक स्क्रू, ग्रीसची बोटभर मात्रा आणि इन्सुलेशन टेपही वेगळ्या ओळीत लिहितो. असं चाळीस ओळींचं बिल पाहिलं की समितीतला कुणीतरी टेपचा भाव बाजारात विचारून येतोच. वेगळी ओळ कशाला द्यायची? जे ग्राहक स्वतः पाहून, मोजून खात्री करू शकतो, किंवा ज्याचा दर आधी वेगळा ठरला होता, त्याला. ग्रीस आणि टेप रिवाइंडिंगच्या दरातच धरायचे आणि ‘किरकोळ साहित्यासह’ असं त्या ओळीत लिहायचं. कोटेशन दिलं असेल तर बिलाच्या ओळी त्याच क्रमाने, त्याच शब्दांत हव्यात. कोटेशनमध्ये ‘मोटर वाइंडिंग’ आणि बिलात ‘कॉइल काम’ असेल तर वाचणाऱ्याला ती दोन वेगळी कामं वाटतात. आणि एकरकमी ठरलेलं काम नंतर तुकडे करून दाखवू नये, नाहीतर प्रत्येक तुकड्यावर नव्याने घासाघीस सुरू होते.

एवढं करूनही पंपाच्या बिलावर एक प्रश्न हटकून येतो, आणि तो बहुतेक मिस्त्रींच्या ध्यानीमनी नसतो: मोटरीतून काढलेली जळकी तांब्याची तार गेली कुठे? तांब्याला भंगारातही भाव आहे. तार कारागिराने ठेवून घेतली असेल आणि ते धरूनच दर लावला असेल, तर पहिल्या ओळीत ‘जुनी तार आमच्याकडे, तिची किंमत दरातून वजा’ असं लिहावं लागेल. ठेवून घेतली नसेल, तर ती पोत्यात भरून पंपाबरोबर परत पाठवावी आणि वॉचमनची सही जॉब कार्डावर घ्यावी.