वर्गशिक्षकांना रजेचा अर्ज

रजेचा अर्ज वाचताना वर्गशिक्षकांना चार गोष्टी हव्या असतात: कोण येणार नाही, कोणत्या तारखांना येणार नाही, का येणार नाही आणि घरच्यांना ते माहीत आहे का. अर्जाची ठरलेली मांडणी ही उत्तरे चटकन सापडावीत म्हणूनच असते.

सुरुवातीला अर्ज लिहिण्याची तारीख येते. त्याखाली ‘प्रति’ लिहून वर्गशिक्षकांचा हुद्दा आणि शाळेचे नाव-गाव लिहावे. मग एका ओळीत विषय आणि त्यानंतर संबोधन: शिक्षक असतील तर ‘महोदय’, शिक्षिका असतील तर ‘महोदया’. मजकूर दोन-तीन वाक्यांत संपावा. शेवटी विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि पालकांची सही असावी.

तिसरीतल्या एका मुलीला ताप आला आहे आणि डॉक्टरांनी तीन दिवस विश्रांती घ्यायला सांगितली आहे. तिचा अर्ज असा होईल:

दिनांक : 15 जुलै 2025

प्रति,
माननीय वर्गशिक्षिका,
इयत्ता तिसरी, तुकडी अ,
(शाळेचे नाव व गाव)

विषय : तीन दिवसांची रजा मिळण्याबाबत.

महोदया,
मला कालपासून ताप आहे. डॉक्टरांनी तीन दिवस विश्रांती घ्यायला सांगितले आहे. त्यामुळे दि. 15 जुलै ते 17 जुलै या तीन दिवसांत मी शाळेत येऊ शकणार नाही. कृपया मला या दिवसांची रजा द्यावी, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी,
अ. ब. क.
इयत्ता तिसरी, तुकडी अ
हजेरी क्रमांक 12

पालकांची सही : ____________

सर्वाधिक चुका तारखांत होतात. 15 ते 17 म्हणजे दोन दिवस, असे लहान मुलांना वजाबाकी करून वाटते. पण पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरायचे असल्याने ते तीन होतात. बोटांवर 15, 16, 17 असे मोजले की चूक कळते. ‘काही दिवस’ असे मोघम लिहू नये, कारण त्यावरून हजेरीपटात नोंद करता येत नाही.

कारण खरे आणि एका वाक्याचे असावे. औषधांची नावे किंवा आजाराचे लांबलचक वर्णन नको. मुलगा अर्ज लिहीत असेल तर शेवटी ‘आपला विद्यार्थी’ लिहावे. बाईंशी बोलताना ‘तुम्ही’ म्हणण्याची सवय असली, तरी अर्जात ‘आपण’ वापरावे.

कधी आजार अचानक येतो आणि अर्ज शाळेत परतल्यावर द्यावा लागतो. तेव्हा मांडणी तीच राहते, फक्त क्रियापद बदलते: ‘येऊ शकणार नाही’ऐवजी ‘येऊ शकले नाही’, मुलगा असेल तर ‘येऊ शकलो नाही’. वरची तारीख मात्र अर्ज लिहिला त्या दिवसाचीच घालावी. वर्गशिक्षकांच्या हाती देण्यापूर्वी पालकांची सही झाली आहे ना, हे एकदा पाहावे.