ताकासारखं दिसणारं फिनाईल

दारावर सायकलवरून फिनाईल विकणाऱ्याकडे पाच लिटरचा कॅन घेतला, की तो स्वस्त पडतो. अडचण त्यानंतर सुरू होते. कॅन जड असतो, म्हणून त्यातलं फिनाईल कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतलं जातं. त्यात पाणी घातलं की ते दुधाळ होतं, थेट ताकासारखं! बाटली ओळखीची आणि आतला रंगही ओळखीचा, त्यामुळे तहानलेलं पोर ती सरळ तोंडाला लावतं.

म्हणून पहिला नियम असा, की खाण्यापिण्याच्या वस्तूची बाटली या कामाला वापरायचीच नाही. मूळ बाटली सर्वांत बरी. दुसरी घ्यावीच लागली, तर त्यावर पदार्थाचं नाव, पाण्याचं प्रमाण, भरल्याची तारीख आणि ‘विषारी’ असं ठळक लिहून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी, कारण नुसता कागद न्हाणीघरात दोन दिवसांत सुटून पडतो. अर्थात लेबल मोठ्यांसाठी असतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ते वाचता येत नाही. त्याच्यापुरता उपाय एकच, उंचावरचं कडी-कुलपाचं कपाट. सिंकखालची जागा सोयीची खरी, पण रांगणाऱ्या बाळालाही ती तितकीच सोयीची.

प्रमाण अंदाजाने ठरवू नये. समजा, ब्लीचच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराईट ४ टक्के लिहिलं आहे आणि फरशी-बेसिनसाठी ०.१ टक्क्याचं द्रावण हवं आहे. म्हणजे चाळीस पट पातळ करायचं. ९७५ मिली पाण्यात २५ मिली ब्लीच घातलं, की एक लिटर द्रावण तयार होतं. आधी पाणी, मग ब्लीच, म्हणजे तीव्र द्रव अंगावर उडत नाही. पाणी साधंच घ्यावं, गरम पाण्यात ब्लीचचा जोर जातो. मापाचं झाकण वेगळं ठेवावं, स्वयंपाकघरातलं नको. हे द्रावण दिवसभरच टिकतं, म्हणून लागेल तेवढंच करावं आणि उरलेलं ओतून द्यावं. फोन वाजला म्हणून बादली तशीच सोडून जाणं हा तर सर्रास होणारा गाफीलपणा.

ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं, की क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, खोकला थांबत नाही. ‘दोन्ही टाकलं तर जास्त स्वच्छ’ ही समजूत चुकीची आहे. तसं झालंच, तर दारं-खिडक्या उघडून लगेच बाहेर पडावं. या दोन बाटल्या कपाटातही शेजारी ठेवू नयेत.

मुलाने काही प्यायलंच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नये. ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते आणि फिनाईल फुप्फुसात जाऊ शकतं. मूल शुद्धीवर असेल तर तोंड पुसून घ्यावं आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा, म्हणजे काय पोटात गेलं ते डॉक्टरांना कळतं. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि विषबाधेच्या सल्ल्यासाठी दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हे क्रमांक फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा.