माळ्यावरचा रेडिओ आणि नवी वायर: जुना सेट कसा ओळखायचा?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाची एक वाडी नाही, अशा अनेक वाड्या आहेत. त्यातल्या एका घरात मागच्या उन्हाळ्यात माळा साफ करताना लाकडी पेटीचा रेडिओ खाली आला. सासऱ्यांनी खोपोलीला कामाला असताना तो घेतला होता, एवढंच घरातल्या आजींना माहीत. भंगारवाल्याने दीडशे रुपये सांगितले. जवळच्या फार्महाऊसच्या मालकाने दोन हजार देऊ केले, पण अट घातली की रेडिओ आधी चालू करून दाखवा. नातवाने बाजारातून दोन पिनांची वायर आणली, सेटच्या मागून लोंबणाऱ्या जुन्या तारांना जोडली आणि आता फक्त प्लग लावायचा राहिला होता.

"लावू का?" असं त्याने विचारलं, हे बरं झालं. तो प्लग भिंतीत गेला असता, तर रेडिओ एका क्षणात कायमचा संपला असता. कारण तो सेट विजेवर चालणारा नव्हताच. आणि हे पेटीकडे नुसतं नीट पाहून कळण्यासारखं होतं.

वीज नसलेल्या गावाचा रेडिओ

आपल्या डोळ्यांसमोर जुना रेडिओ म्हणजे दिवाणखान्यातला, विजेवर चालणारा, उजळलेल्या काचेचा सेट असतो. पण १९५०च्या दशकात महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांत वीज नव्हती आणि ट्रान्झिस्टर अजून आलेला नव्हता. तरीही रेडिओ होता. १९५६ साली पुणे आकाशवाणीने शेतकऱ्यांसाठी 'रेडिओ फार्म फोरम'चा प्रयोग केला, तेव्हा पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करत. वीज नसलेल्या गावांसाठी कोरड्या बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्ह सेट मिळत. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची ती नळी, जिचं काम पुढे ट्रान्झिस्टर करू लागला.

या सेटला दोन वेगळ्या दाबांची वीज लागे. व्हॉल्व्हमधली तार तापवायला साधारण दीड व्होल्ट आणि आवाज घडवायला साधारण ९० व्होल्ट. म्हणून त्याच्या मागून दोन नाही, तर तीन-चार तारा बाहेर येतात आणि टोकाला बॅटरीत बसणारा वेगळ्या आकाराचा प्लग असतो. आजींच्या सेटचा प्लग कधीच तुटून गेला होता. उरलेल्या चार तारांपैकी नातवाने दोन निवडल्या होत्या. दीड व्होल्टच्या तारेवर २३० व्होल्ट सोडण्याची तयारी झाली होती.

मागची फळी काढा, पण आधी वजन पाहा

पहिली खूण हाताला कळते. विजेवरच्या बहुतेक मोठ्या सेटमध्ये लोखंडी पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर असतो. तो असेल तर पेटी एका बाजूला जड लागते. आजींचा सेट उचलला तेव्हा पेटीच्या मानाने हलका होता. मागची भोकांची पुठ्ठ्यासारखी फळी चार स्क्रू काढून उघडली. आत एका बाजूला रिकामी जागा होती, वीतभर लांब. तिथे बॅटरी बसत असे. डायलमागे दिवा नव्हता, दिव्याचा होल्डरही नव्हता. बॅटरी वाचवण्यासाठी अशा सेटमध्ये डायलचा दिवा बहुधा देतच नसत.

आणि व्हॉल्व्ह होते चार. विजेवरच्या सेटमध्ये त्या काळात साधारण पाच असत. पाचवा व्हॉल्व्ह घरातल्या एसी विजेची डीसी करायचा. बॅटरीची वीज मुळातच डीसी, म्हणून इथे त्याची गरज नाही.

काचेवरचं पहिलं अक्षर

व्हॉल्व्हच्या काचेवर छापलेला क्रमांक हा सगळ्यात खात्रीचा पुरावा. ही छपाई अगदी कच्ची असते. ओल्या फडक्याने पुसली की जाते, आणि गेली की परत येत नाही. धूळ मऊ ब्रशने झाडायची. अक्षर फिकट झालं असेल तर काचेवर हलका श्वास सोडायचा. वाफेत ते क्षणभर उमटतं, तेवढ्यात मोबाईलवर फोटो काढून घ्यायचा.

आपल्याकडच्या बऱ्याच सेटमध्ये युरोपीय पद्धतीचे क्रमांक सापडतात. त्यातलं पहिलं अक्षर सांगतं की आतली तार कशावर तापते. 'डी' असेल तर १.४ व्होल्ट, म्हणजे बॅटरी सेट. 'ई' असेल तर ६.३ व्होल्ट, म्हणजे बहुधा ट्रान्सफॉर्मर असलेला विजेचा सेट. 'यू' असेल तर सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा एकापाठोपाठ जोडून थेट घरच्या विजेवर चालवलेला सेट. (अमेरिकी क्रमांकांत व्होल्ट साधारण पहिल्या आकड्यातच असतात. १ने सुरू होणारा बॅटरीचा, ६ने सुरू होणारा ६.३ व्होल्टचा.)

या 'यू' सेटबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. त्यात ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे आतला लोखंडी सांगाडाच विजेच्या एका तारेला जोडलेला असू शकतो. प्लग उलटा बसला तर सांगाडा जिवंत होतो. बटणाच्या खाचेत दिसणारा बारीक स्क्रूसुद्धा झटका देऊ शकतो. असा सेट ओळखू आला की तो उघड्या अवस्थेत भिंतीला लावायचाच नाही.

आजींच्या सेटमध्ये डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ असे चार व्हॉल्व्ह निघाले. हा एकत्र वापरायचा ठरलेला संचच आहे. पहिला स्टेशन पकडतो, दुसरा ते वाढवतो, तिसरा त्यातून आवाज वेगळा काढतो, चौथा तो स्पीकरला देतो. बॅटरी जास्त दिवस पुरावी म्हणून यातल्या तारा आधीच्या संचापेक्षाही बारीक केलेल्या होत्या. हा संच १९५०च्या दशकाच्या मध्याचा. त्यामुळे सेट त्याआधीचा नाही, निदान या रूपात नाही. एवढं सावधपणे म्हणायचं कारण, व्हॉल्व्ह बदलले जातात. बंगळूरूच्या 'बेल' कंपनीची छाप असलेला एखादा व्हॉल्व्ह जुन्या सेटमध्ये दिसला, तर तो नंतरच्या दुरुस्तीत बसवलेला असू शकतो. चारही एका संचाचे असतील तर पुरावा भक्कम होतो.

काचेच्या आतल्या बाजूला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो चंदेरी किंवा काळपट असेल तर ठीक. पांढरा दुधाळ झाला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. चारांपैकी तिघांचा डाग शाबूत होता, एकाचा पांढरा. तिघांच्या तारा शाबूत आहेत का हे डिजिटल मल्टिमीटरने पाहिलं, पहिल्या आणि सातव्या पिनेमध्ये. तिन्हीत जोडणी मिळाली. जुना काट्याचा मीटर मुद्दाम वापरला नाही. काही काट्याचे मीटर ओमच्या खालच्या रेंजवर इतका प्रवाह सोडतात की २५ मिलिअँपियरची ही तार तपासतानाच जळू शकते.

डायल काय सांगतो

डायलवर आधी पाहायचं ते लाँग वेव्ह आहे का. ती युरोपात वापरात होती, भारतात नाही. हजार ते दोन हजार मीटरचा पट्टा आणि हिल्व्हरसम, लक्झेंबर्ग अशी नावं दिसली, तर सेट युरोपच्या बाजारासाठी बनलेला. आजींच्या सेटवर एक मीडियम वेव्ह आणि दोन शॉर्ट वेव्ह पट्टे होते. गावांच्या नावांत मुंबई, दिल्ली आणि पुणे, अर्थात इंग्रजी राजवटीतल्या स्पेलिंगने. पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली, त्यामुळे पुण्याचं नाव असलेली काच त्यानंतरचीच. उलटं मात्र खरं नाही. पुण्याचं नाव नाही म्हणून सेट जुना, असं म्हणता येत नाही, कारण कित्येक डायलवर गावंच नसत, फक्त मीटरचे आकडे असत.

पेटी आणि बटणं: इथेच फसवणूक होते

पेटी सगळ्यात आधी डोळ्यांत भरते आणि पुरावा म्हणून सगळ्यात कच्ची असते. एका सेटची पेटी आणि दुसऱ्याचा सांगाडा असं लग्न लावून दिलेले रेडिओ जुन्या बाजारात भरपूर सापडतात. ओळखायचं असं की बटणांचे दांडे पेटीच्या भोकांच्या बरोबर मध्यभागी यायला हवेत. काट्याची चाल काचेवरच्या आकड्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जुळायला हवी. पेटीच्या तळाला बुजवलेली भोकं नकोत. आजींच्या सेटमध्ये हे सगळं जुळलं. तीन बटणं एकसारखी, चौथं मात्र काळं प्लास्टिकचं आणि आकाराने लहान. ते नंतरचं. एवढ्याने सेट खोटा ठरत नाही.

पुढच्या बाजूची कंपनीची पट्टी गेली होती. दोन बारीक भोकं राहिली होती, त्यांच्यामध्ये पॉलिश गडद होतं. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता, नॅशनल एको मुंबईचा, म्हणजे या भागात या दोघांपैकी कुणाचाही सेट येणं सहज शक्य. पण शक्य आहे म्हणून नाव चिकटवायचं नसतं. पट्टीच्या आकारावरून नाव सांगणारे विक्रेते असतात. त्यांनी तीच पट्टी मागाहून बसवलेली असते, हेही पाहिलं आहे.

फार्महाऊसवाल्यांच्या ओसरीवर हमखास दिसणाऱ्या ग्रामोफोनचं हेच आहे. लखलखीत पितळी कर्णा, अष्टकोनी पेटी, कुत्र्याचं चित्र. यातले बहुतेक अलीकडे जुळवलेले असतात. घराघरांत जास्त असायचा तो एचएमव्हीचा बंद होणारा पेटीसारखा सेट, ज्याला बाहेर कर्णाच नसतो.

शेवटी आजींनी ट्रंकेतून एक पुस्तिका काढली. रेडिओचा परवाना. तो पोस्टात काढावा लागे, दर वर्षी पैसे भरून तिकिटं चिकटवून घ्यावी लागत. १९८०च्या दशकात ही पद्धत बंद झाली. शिक्क्यात जिल्हा कुलाबा दिसत होता. रायगड हे नाव १९८१चं, त्यामुळे शिक्का त्याआधीचा. अनेक पुस्तिकांत सेटचं नाव आणि क्रमांकही लिहिलेला सापडतो. इथे नावाच्या ओळीवर ओल लागून शाई पसरली होती. क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मात्र वाचता आले, आणि सांगाड्यावर ठोकलेल्या आकड्यांशी ते जुळले.

म्हणजे हा सेट १९५०च्या दशकाच्या मध्यानंतरचा आणि ट्रान्झिस्टर सगळीकडे पोचण्याआधीचा, बॅटरीवरचा, भारतातल्या बाजारासाठी बनलेला आणि याच घरात घेतलेला. कंपनी सिद्ध झाली नाही. एक व्हॉल्व्ह गेलेला, बाकी तीन बहुधा चांगले.

नातवाने नवी वायर काढून टाकली आणि चार जुन्या तारांच्या टोकांना एकेक करून चिकटपट्टी गुंडाळली. फार्महाऊसच्या मालकाला फोन गेला की रेडिओ वाजवून दाखवता येणार नाही, क्रमांकाची पुस्तिका मात्र आहे. "मग पुस्तिकेसकट किती?" असं त्यांनी विचारलं. आजी म्हणाल्या, पुस्तिका द्यायची नाही.